पहाटेची बाटली

सोलापुरात समुद्राचा पत्ता नाकाला विचारावा. मंगळवार बाजारात मिरच्यांच्या ढिगांपासून थोडं पुढं गेलं की एका वळणावर तो भेटतो. पोत्यावर पसरलेला जवळा, शेजारी काटक्यांसारखे वाळलेले बोंबील, आणि त्या दोन्हींमधून उठणारा तो खारट, उग्र वास. किनारा सरळ रेषेत मोजला तरी पावणेतीनशे किलोमीटर लांब. तरी आमच्या घरात आठवड्यातून एकदा सुकट होतेच. आई ती आधी तव्यावर कोरडी भाजते, मग कांदा, लसूण, लाल तिखट, आणि सोबत ज्वारीची भाकरी. लहानपणी मला वाटायचं, सुकट हे धान्यासारखं काहीतरी कुठं तरी पिकत असणार. आता वाटतं, तेव्हाचा अंदाज फार चुकला नव्हता.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे फोनवर फिरत आलेलं एक चित्र. निळा समुद्र आणि त्यावर ओळ: ‘तुमचा दर दुसरा श्वास समुद्रातून येतो. प्लवक संपले की माणूस गुदमरेल.’ प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे जीव. त्यांतले जे झाडांसारखं उन्हावर अन्न तयार करतात ते वनस्पती प्लवक, बहुतेक नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं बाटल्या धुतल्या, द्रावणं बनवली, मुलांच्या ब्युरेटी गळायच्या त्या पुसल्या. समुद्रशास्त्र मला कुणी शिकवलेलं नाही. पण पाण्यातला ऑक्सिजन मोजणं हे माझ्या हातातलं काम, आणि ते चित्र बघून माझे हातच आधी ‘थांब जरा’ म्हणाले. कारण त्याच्या दोनच महिने आधी, श्रावणात, मामांच्या शेततळ्यावर मी एक रात्र काढली होती.

मामांचं शेत मोहोळच्या पलीकडं. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं, खाली प्लॅस्टिकचा कागद. पाणी डाळिंबासाठी, पण आहेच पाणी तर मासे सोडू म्हणून मामांनी कटला आणि रोहूचं बी सोडलं. कुणी सांगितलं तसं शेण टाकलं, सुपर फॉस्फेट टाकलं, वर शेंगदाण्याची पेंड. पाणी हिरवं झालं की मासा वाढतो, असं सांगणाऱ्यानं सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. हिरवं पाणी म्हणजेच वनस्पती प्लवक. ते खाऊन बारीक प्राणी वाढतात, ते खाऊन कटला. सहा महिन्यांत मासे हातभर झाले. पाणी इतकं हिरवंगार की मामी म्हणायची, ‘रंगपंचमीला कामाला येईल.’

मग श्रावणात तीन दिवस झड लागली. आभाळ काळं, वारा बंद, पाऊस नुसता भुरभुरतोय. चौथ्या दिवशी पहाटे फोन. ‘मासे तोंड वर काढायलेत गं. सगळेच. हवा प्यायलेत जणू.’ मी पोचेपर्यंत उजाडलं होतं. मोठे मोठे कटले पोट वर करून काठाला लागले होते. लहान मासे बरेचसे वाचले. मामांना वाटत होतं कुणीतरी औषध टाकलं. गावात भांडण होतंच, नाव तयार होतं. मी म्हटलं, ‘मामा, कुणाच्या घरी जाऊ नका. पुढच्या शनिवारी मी बाटल्या घेऊन येते. आभाळ मोकळं असू दे.’

औषध टाकलं असतं तर लहान मासे आधी गेले असते, निदान मोठ्यांच्या बरोबरीनं तरी. मोठे आधी गेले, पहाटे गेले, आणि सगळे पृष्ठभागाला येऊन तोंड उघडत गेले, या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. तरी मोजल्याशिवाय मामांना पटणार नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही.

मोजायची रीत जुनी आहे. लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं ती १८८८ मध्ये दिली आणि आजही समुद्रावर जाणाऱ्या जहाजांत यंत्रं खरी बोलतात की नाही हे तपासायला तीच वापरतात. तीनशे मिलिलिटरची घासून बसणाऱ्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आकडा खोटा, कारण बुडबुड्यातला ऑक्सिजनही मोजला जातो. मग लगेच, तिथंच काठावर, दोन मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि दोन मिलिलिटर आयोडाइड मिसळलेली तीव्र अल्कली, दोन्ही पिपेट पाण्यात बुडवून सोडायची. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो मँगनीजला धरतो आणि बाटलीत तपकिरी साका तयार होतो, काकवीच्या रंगाचा. जितका ऑक्सिजन तितका गडद. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो, भिजवलेल्या चुन्यासारखा. पुढं त्यात गंधकाम्ल घालायचं, साका विरघळून पिवळं आयोडीन सुटतं, आणि थायोसल्फेट थेंब थेंब सोडून ते संपवायचं. शेवटी स्टार्च टाकला की निळा रंग येतो आणि एका थेंबाला तो निळा रंग जातो. पंचवीस वर्षं मुलांना हाच थेंब चुकताना पाहिलाय.

शनिवारी दुपारी चार वाजता पहिली बाटली भरली. दिवसभर कडक ऊन पडलं होतं. साका इतका गडद की मामा म्हणाले, ‘ह्ये चांगलं का वाईट?’ आकडा आला १३.२. म्हणजे लिटरभर पाण्यात तेरा मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन. आमच्याकडं साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर, तीस अंशाचं पाणी हवेतून स्वतःहून फार तर सात-सव्वासात मिलिग्रॅम धरतं. त्याच्या जवळजवळ दुप्पट. पाण्यातून बारीक बुडबुडे निघत होते, सोड्याच्या ग्लासातल्यासारखे. त्या वेळी त्या काठावर कुणी उभं राहून म्हटलं असतं की हे तळं ऑक्सिजनचा कारखाना आहे, तर ते शब्दशः खरं होतं.

रात्री दहाची बाटली: ७.४. मामी भाकऱ्या थापत होती. चुलीपाशी बसून मी ती टोपली बघत होते आणि पुढं ती टोपली मला फार उपयोगी पडली, त्यावर येतेच.

पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन खाली उतरले. बाटली उलटसुलट केली आणि साका खाली बसायला लागला तेव्हा टॉर्चच्या उजेडात तो जेमतेम मळका दिसला. आकडा १.६. चौदा तासांच्या आत तेराचे दीड. मामा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. मी म्हटलं, ‘काल दुपारी एवढं ऊन होतं तरी पहाटे एवढंच उरलं. त्या तीन दिवसांत तर ऊनच नव्हतं.’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हंजे ह्या हिरव्यानंच खाल्लं?’

बहुतेक ह्या हिरव्यानंच. प्लवकांचा उन्हाचा धंदा दिवसापुरता, पण श्वास मात्र चोवीस तास. त्यांच्याबरोबर पाण्यातले जिवाणू, तळाशी साचलेलं शेण आणि पेंड कुजवणारे जिवाणू, बारीक प्राणी. मासे या सगळ्यांत खरं तर थोडकंच घेतात. दुपारी क्षमतेपेक्षा जास्त झालेला ऑक्सिजन काही प्रमाणात हवेत उडूनही जातो, म्हणजे तीही शिल्लक राहत नाही. रात्रभर उधळपट्टी चालते आणि पहाटेला पेटी रिकामी. दुसऱ्या दिवशी ऊन आलं की परत भरते. ऊन आलं नाही की संपलं.

त्या सकाळी मी अजून एक प्रयोग केला. तो नॉर्वेत गार्डर आणि ग्रान या दोघांनी १९२७ मध्ये मांडला, आणि त्यात यंत्र म्हणून लागतो तो फक्त काळा कागद. साडेनऊ वाजता एकाच बादलीतून बाटल्या भरल्या. त्यातल्या एकीचा ऑक्सिजन तिथंच मोजला: ५.०. दुसरी उघडी काचेची. तिसरीला मी घरून आणलेली काळी चिकटपट्टी आणि वरून अल्युमिनियमचा कागद गुंडाळला, म्हणजे आत रात्र. दोन्ही दोरीला बांधून फूटभर खोल सोडल्या. तशीच आणखी एक जोडी पाच फूट खोल. साडेबारापर्यंत मामांची डाळिंबं बघितली.

वरच्या जोडीचा निकाल असा. उघड्या बाटलीत ५.० चे ८.६ झाले. काळ्या बाटलीत ५.० चे ३.८ राहिले. काळ्या बाटलीनं सांगितलं की या पाण्यानं तीन तासांत १.२ खाल्ले. उघड्या बाटलीतही ते खाणं चालूच होतं, तरी तिथं ३.६ वाढले. म्हणजे खरी कमाई दोन्ही बाटल्यांतला फरक, ४.८. कमाई ४.८, खर्च १.२, हातात ३.६. आता पाच फुटांवरची जोडी: उघडी ४.०, काळी ३.८. कमाई ०.२ आणि खर्च तोच १.२. हिरवळ इतकी दाट की खाली पाच फुटांवर भर दुपारी अंधार. वरचा फूट-दोन फूट कमावतो आणि खालचे आठ फूट बसून खातात.

या रीतीत एक लबाडी आहे, ती सांगून टाकते. काळ्या बाटलीतला खर्च आणि उजेडातला खर्च सारखाच, असं आपण गृहीत धरतो. तो नेमका सारखा नसतो. शिवाय बाटलीतलं पाणी ढवळत नाही आणि काचेवर जिवाणू वाढायला लागतात, म्हणून बाटली फार वेळ ठेवायची नाही. खुल्या समुद्रात तर प्लवक इतके विरळ की काही तासांत ऑक्सिजनचा फरकच हाताला लागत नाही. त्यामुळं १९५२ मध्ये स्टीमन नील्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं किरणोत्सारी कार्बन वापरून मोजायची रीत आणली आणि मग समुद्राची कमाई खऱ्या अर्थानं मोजली जाऊ लागली. पुढं उपग्रह आले. ते वरून समुद्राचा हिरवेपणा बघतात आणि त्यावरून हिशेब करतात. आपल्या देशानंही १९९९ मध्ये ओशनसॅट त्यासाठीच सोडला.

तर त्या सगळ्या मोजणीतून निघालेला आकडा असा की समुद्रातले वनस्पती प्लवक वर्षाला अंदाजे ५० अब्ज टन कार्बन अन्नात बांधतात. जमिनीवरची सगळी जंगलं, गवतं, शेतं मिळून त्याच्याहून थोडं जास्त. म्हणजे पृथ्वीवरच्या कमाईचा साधारण निम्मा भाग समुद्राचा. फोनवरच्या चित्रातला ‘दर दुसरा श्वास’ इथून आलेला. इथपर्यंत ते बरोबर आहे. कार्बनच्या प्रत्येक अणूमागं ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो, वजनात १२ ला ३२. पन्नासाला ते लावलं की वर्षाला १३३ अब्ज टन ऑक्सिजन.

पण ही झाली फक्त प्लवकांचा स्वतःचा खर्च वजा केलेली कमाई. तळ्यातले बाकीचे खाणारे अजून मोजायचेत. समुद्रातही तेच. प्लवकांना बारीक प्राणी खातात, त्यांना मासे, मेलेलं सगळं जिवाणू खातात, आणि जो जो ते खातो तो तेवढाच ऑक्सिजन परत घेतो. वर्षाअखेर १३३ अब्ज टनांतलं जवळजवळ सगळं समुद्रातच खर्च होतं. आपल्या नाकापर्यंत येणारी निव्वळ शिल्लक शून्याच्या आसपास. जंगलांचंही तसंच, ॲमेझॉनला जगाचं फुप्फुस म्हणतात तेही याच चुकीपोटी. शेततळ्याची पहाट एका रात्रीत दिसते, समुद्राची दिसत नाही, एवढाच फरक.

मग आपण श्वास कशातून घेतो? साठ्यातून. हवेतला ऑक्सिजन आहे १२ लाख अब्ज टन. त्याच्यापुढं समुद्राची वर्षाची कमाई नऊ हजारांत एक. उद्या जगातली सगळी हिरवळ बंद पडली आणि आज जिवंत असलेलं सगळं, झाडं, प्राणी, जिवाणू, कुजून किंवा जळून गेलं, तर त्याला सुमारे दीड हजार अब्ज टन ऑक्सिजन लागेल. हवेतलं प्रमाण २०.९५ टक्क्यांवरून २०.९ च्या थोडं वर येऊन थांबेल. सोलापूरहून महाबळेश्वरला गेल्यावर श्वासाला जेवढा फरक पडतो त्याच्या पासंगालाही ते पुरणार नाही. आपण गुदमरणार नाही. त्याच्या फार फार आधी उपाशी मरू, हा भाग वेगळा.

हा साठा झाला कसा, ते मला सगळ्यात आवडतं. प्लवकांच्या कमाईतला हजारातला एखादा, फार तर दोन-तीन हिस्से, कुणाच्याच तोंडात जात नाहीत. तो कार्बन समुद्राच्या तळाच्या चिखलात गाडला जातो. खाणाराच भेटला नाही, म्हणून त्याच्या वाटचा ऑक्सिजन परत मागायलाही कुणी येत नाही. तो हवेत राहतो. जुने खडक उघडे पडले की हवा त्यांना गंजवते आणि त्यातला बराचसा परत घेते. तरी कोट्यवधी वर्षं चिमूट चिमूट साचत गेलं. सुरुवात साधारण २४० कोटी वर्षांपूर्वीची, निळसर-हिरव्या जिवाणूंनी केलेली, ज्यांचे वंशज मामांच्या तळ्यातही असतात. म्हणजे आपला श्वास प्लवकांचाच आहे, फक्त आत्ताच्या नव्हे, जे खाल्ले गेले नाहीत त्या फार जुन्यांचा. त्या गाडलेल्या चिखलाचा काही भाग पुढं खनिज तेल झाला. मामांच्या फटफटीत पेट्रोल जळतं तेव्हा तो जुना कार्बन आपला राहिलेला ऑक्सिजन मागायला येतो. राल्फ कीलिंग यांनी १९८९ पासून हे मोजायला घेतलं. हवेच्या दहा लाख रेणूंमागं ऑक्सिजनचे साधारण चार रेणू दरवर्षी कमी होतायत. दहा लाखांत दोन लाख साडेनऊ हजार ऑक्सिजनचे आहेत, त्यामुळं या बाजूनं घाबरायचं कारण नाही. त्याच जळण्यातून निघणारा धूर ही मात्र खरी भानगड, पण तो लेख दुसऱ्या कुणीतरी लिहावा.

मामांच्या पहाटेच्या बाटलीचा जुळा भाऊ आपल्या अरबी समुद्रात आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. जून ते सप्टेंबर जो नैर्ऋत्येचा वारा आपल्याकडं पाऊस आणतो, तोच सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याशी वरचं पाणी ढकलून नेतो आणि खालचं थंड, खतानं भरलेलं पाणी वर येतं. तळ्यात शेण आणि फॉस्फेट टाकल्यासारखंच ते. प्लवकांना भर येतो. जगातल्या अतिशय सुपीक पाण्यांत त्याची गणती होते. आणि त्याच समुद्रात, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत, जगातल्या सगळ्यात जाड ऑक्सिजनहीन थरांपैकी एक आहे. १९३३-३४ साली माबाहिस नावाच्या इजिप्शियन जहाजावरून गेलेल्या मोहिमेनं इथल्या खोल पाण्यात ऑक्सिजन किती कमी आहे ते दाखवलं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कित्येक दशकं त्यावर काम करतेय. वरून मेलेल्या प्लवकांचा, विष्ठेचा पाऊस खाली पडतो, जिवाणू तो खातात आणि खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. खाली ऊन नाही आणि नवं पाणीही फारसं येत नाही, कारण या समुद्राला उत्तरेकडं आशियानं झाकण लावलंय. तिथल्या पाण्याची बाटली भरून मँगनीज टाकलं तर साका जवळजवळ पांढरा निघेल. पावसाळ्याच्या अखेरीस हे पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत उथळ भागात वर सरकतं. वर सगळ्यात हिरवं, खाली सगळ्यात गुदमरलेलं. मामांच्या तळ्यात पाच फुटांवर जे होतं, ते तिथं हजारो किलोमीटर पसरलेलं.

आता ती टोपली. त्या रात्री मामीनं माणसं, गडी मिळून पंधरा जणांच्या भाकऱ्या केल्या. मी दर वेळी टोपलीत डोकावले तर दोनच भाकऱ्या. तव्यावरून उतरली की कुणाच्या तरी ताटात. टोपलीचा फोटो काढून कुणी म्हटलं असतं, ‘या घरात दोन भाकऱ्या होतात,’ तर काय बोलायचं? प्लवकांचं अगदी असंच आहे. जमिनीवरच्या झाडांत एकूण ४५० अब्ज टन कार्बन उभा आहे, बहुतेक लाकडात. समुद्रातले सगळे वनस्पती प्लवक कुठल्याही एका दिवशी जमवले तर एक अब्ज टनाच्या आसपास, तेवढेही कदाचित भरणार नाहीत. आणि कमाई दोघांची जवळपास सारखी. म्हणजे समुद्र आपली टोपली आठवड्याभरात, काही ठिकाणी दोन-चार दिवसांत, पूर्ण रिकामी करून पूर्ण भरतो. वड तीनशे वर्षं उभा राहतो. प्लवक सकाळी दुभंगून दोन होतो आणि संध्याकाळपर्यंत त्यातला एक कुणाच्या तरी पोटात असतो. म्हणून समुद्रात खाणाऱ्यांचं वजन खाल्ल्या जाणाऱ्यांपेक्षा जास्त भरतं. जमिनीवर हे अशक्य वाटेल: गवतापेक्षा गुरं जड. टोपली बघणाऱ्याला ते कळत नाही, तवा बघावा लागतो.

आणि म्हणून ऑक्सिजनपेक्षा मला त्या चित्रातली न लिहिलेली गोष्ट मोठी वाटते. ताट. मंगळवार बाजारातल्या त्या पोत्यावर जवळा आणि बोंबील शेजारी शेजारी असतात, तिथं समुद्राच्या जिन्याच्या दोन पायऱ्या वाळत पडलेल्या असतात. जवळा बारीक प्राणी, प्लवक, कुजलेला कचरा असं मिळेल ते खातो. बोंबील जवळ्यावर ताव मारतो. दर पायरीला साधारण दहातले नऊ हिस्से श्वासात आणि विष्ठेत जातात, एक अंगी लागतो. सरधोपट हिशेबानं ओल्या बोंबलाच्या एका किलोमागं दहा किलो जवळा, त्यामागं शंभर किलो बारीक प्राणी, त्यामागं हजार किलो प्लवक. जवळा थेट प्लवकही खातो त्यामुळं खरा आकडा कमी भरेल. तारलीचं तर त्याहून बरं, ती प्लवक थेट गाळून खाते, मधल्या पायऱ्याच वाचवते. म्हणून ती ढिगानं येते आणि स्वस्त मिळते.

किती पायऱ्या, हे प्लवकांच्या आकारावर ठरतं. किनाऱ्याला आणि खालचं पाणी वर येतं तिथं डायटम वाढतात. वाळूसारखं सिलिकाचं कवच असलेले, प्लवकांत दांडगे. त्यांना बारीक कोळंबीवजा प्राणी सरळ धरू शकतात. खोल, निळ्याशार समुद्रात खत नसतं, तिथं राज्य असतं प्रोक्लोरोकॉकसचं. मिलिमीटरचे दीड हजार तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढा हा जीव, इतका बारीक की १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तो आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. पेनी चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पेशी एकेक मोजणाऱ्या यंत्रात तो सापडला. चमचाभर समुद्रात लाखो. पण एवढ्या बारक्याला खायला तितकाच बारका खाणारा लागतो, त्याला खायला जरा मोठा, आणि माशापर्यंत पोचेस्तोवर चार-पाच वेळा दहावा हिस्सा होतो. निळा समुद्र फोटोत सुंदर दिसतो तो उपाशी असतो म्हणून. बोंबील, जवळा, तारली हे सगळं किनाऱ्याच्या गढूळ, हिरवट पाण्याचं पीक आहे.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं नाही, त्यांना पुढच्या हंगामाचं हवं होतं. ते सोपं होतं. पेंड निम्मी केली, शेण बंद. रोज सकाळी पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवायचा. पंजा अजिबात दिसत नसेल तर हिरवं फार झालं, थोडं पाणी बागेला सोडून नवं घ्यायचं. पंजा लख्ख दिसला तर मासा उपाशी. अंधुक दिसला पाहिजे. आणि आभाळ आलं, वारा पडला की त्या रात्री मोटर चालू करून पाणी उंचावरून तळ्यातच पाडायचं. धबाधबा, जेवढं फुटेल तेवढं बरं. दिवसा प्लवक देतात ते रात्री हवेकडून उसनं घ्यायचं.

परवा त्यांचा फोन आला. ‘पंजा दिसायला गं, जरा जरा.’

मी विचारलं, ‘आभाळ?’

‘भरून आलंय. पान हलंना.’

‘मग रात्री मोटर चालू ठेवा मामा, झोपायच्या आधीच.’

‘लाइट बाराला येती आमच्याकडं,’ म्हणाले. ‘तवर काय, बादलीनं पाडू?’

मी मनात आकडा मांडला. बारा ते पहाट, पाच-साडेपाच तास. पुरावेत. ‘गजर लावून झोपा,’ म्हटलं, ‘आणि बाराला लाइट आली नाही तर मला उठवा.’